इंक टँक प्रिंटरमध्ये पहिल्यांदा शाई भरताना या चुका टाळा

नवीन प्रिंटर खोक्यातून काढला की पहिली घाई होते ती शाई भरायची. इथे बिघडलेलं काम निस्तरायला नंतर बरीच शाई खर्ची पडते. एप्सनच्या L3210 सारखा, 003 क्रमांकाच्या 65 मिलीच्या बाटल्या लागणारा प्रिंटर समोर आहे असं धरून सांगतो. इतर कंपन्यांच्या यंत्रांत कागदावर शाई सोडणारं हेड बसवण्याची पद्धत वेगळी असते, पण हवा आणि शाई सगळीकडे सारखीच वागते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बाटली दाबण्यात. या बाटलीच्या तोंडातून शाई खाली जाते आणि तिची जागा घ्यायला टाकीतली हवा वर बाटलीत येते. टाकीतली शाई वरच्या रेषेपर्यंत चढली की हवेची वाट बंद होते आणि शाई आपोआप थांबते. म्हणून बाटली सरळ उभी बसवायची आणि हात काढून घ्यायचा. शाई उतरायलाच लागली नाही, तर बाटली काढून पुन्हा बसवावी. मात्र रेषेपर्यंत भरल्यावर "थोडी उरलीय, तीही संपवू" म्हणून बाटली पुन्हा लावली किंवा दाबली, की शाई रेषेच्या वर जाते. उरलेली शाई झाकण घट्ट लावून, बाटली उभी ठेवून जपून ठेवा, ती लगेच उपयोगी पडणार आहे. भरण्याआधी बाटली जोरजोरात हलवूही नका, फेस होतो.

टाकी जास्त भरली तर नुसती सांडलवंड होऊन भागत नाही. शाई वापरली जाते तशी टाकीत बाहेरची हवा यावी लागते आणि त्यासाठी टाकीला हवेची बारीक वाट ठेवलेली असते. त्या वाटेत शाई शिरली की हवा आत येईनाशी होते, टाकीत ओढ तयार होते आणि हेडला शाई पुरत नाही. टाकी गच्च भरलेली असूनही छपाई फिकी पडत जाते ती यामुळे. असं झालंच तर प्रिंटर तिरका किंवा उलटा करू नका, शाई आणखी आत जाईल. प्रिंटर सपाट ठेवून स्वच्छ, कोऱ्या सिरिंजने रेषेपर्यंतची जादा शाई काढा. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज घ्या. प्रिंटरखाली शाई ठिबकत असेल तर मात्र मेकॅनिकलाच दाखवा.

टाक्या भरून झाल्या की प्रायमिंग, म्हणजे सुरुवातीचं चार्जिंग. सोबतच्या पत्रकात दाखवलेलं बटण दाबून धरलं की प्रिंटर हेडखालच्या पंपाने शाई नळ्यांमधून हेडपर्यंत ओढून घेतो. यात काही मिनिटं जातात आणि पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो. तो स्थिर होईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही, झाकणही उघडायचं नाही. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर प्रिंटर आधी इन्व्हर्टरवर घ्या. मधेच वीज गेली तर नळ्या अर्धवट भरतात. चार्जिंगनंतर टाक्यांची पातळी उतरलेली दिसते आणि अनेकांना वाटतं गळती झाली. ती शाई नळ्यांत आणि हेडमध्ये गेलेली असते. जपून ठेवलेली शाई आता रेषेपर्यंत घाला. पहिल्या सेटमधून पुढच्या सेटपेक्षा कमी पानं निघतात, ती याच कारणाने.

आता नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून, नोझलमधून, शाई नीट येते का हे दाखवणारं रंगीत रेघांच्या जाळ्यांचं पान. समजा, काळ्या रंगाच्या जाळीत खाली तीन-चार रेघा तुटक आल्या. एकदा हेड क्लीनिंग केलं, पुन्हा चेक काढला, तर आता त्या जागा भरल्या पण वरच्या रेघा तुटल्या. तुटकी जागा अशी हलत असेल तर दोष बहुधा हवेचा असतो. दरवेळी त्याच ठिकाणी रेघ गायब असेल, तर नोझल तुंबल्याचा संशय घ्यावा. पान वर गडद आणि खाली फिकं होत जाणं हीही हवेची खूण. नळीत दिसणारा एखादा बारीक बुडबुडा चालतो. नळीभर लांब रिकामा तुकडा दिसला तर लक्ष द्या.

हवेच्या बाबतीत क्लीनिंगवर क्लीनिंग करण्याची सवय सोडा. दोन-तीनदा करून फरक पडला नाही, तर प्रिंटर बंद करून किमान 12 तास तसाच राहू द्या. बुडबुडे वर चढतात, विरतात, आणि सकाळी जाळी पुष्कळदा आपोआप पूर्ण येते. तरीही तुटक असेल तर पॉवर क्लीनिंग. त्यात नळ्यांतली सगळी शाई बदलली जाते, म्हणून प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी. त्याहून कमी शाईत ते चालवलं तर नळीत आणखी हवा ओढली जाते. शिवाय ती सगळी शाई वाया गेलेली शाई शोषणाऱ्या आतल्या वेस्ट पॅडमध्ये जाते आणि पॅड भरला की प्रिंटर अडून बसतो. म्हणून लगोलग दुसऱ्यांदा चालवू नका, मधे पुन्हा 12 तास जाऊ द्या.