कर्ज ‘सेटल’ केलं म्हणजे खातं स्वच्छ बंद झालं? या चुका टाळा

गृहकर्जाच्या फायली करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. पगार चांगला, नोकरी पक्की, कागद पूर्ण, आणि तरीही फाइल परत येते. अशा वेळी कारण अनेकदा क्रेडिट रिपोर्टच्या आतल्या पानावरच्या एका ओळीत सापडतं. गेल्या वर्षी आलेल्या एका जोडप्याचं असंच झालं. २८ लाखांचं गृहकर्ज हवं होतं, दोघांचे हप्ते वेळेवर जात होते, आणि बँकेने नकार दिला. नवऱ्याच्या नावावर २०२१ मधलं एक क्रेडिट कार्ड होतं. त्यांनी पिशवीतून जपून ठेवलेलं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, कार्डाच्या बँकेनेच लिहून दिलंय की काही बाकी नाही.”

पत्र खरं होतं. अडचण त्याच्या अर्थात होती.

पहिली चूक: ‘बाकी शून्य’ वाचून थांबणं

रिपोर्टमध्ये त्या कार्डासमोर Current Balance शून्य होतं, Amount Overdue शून्य होतं, Date Closed मध्ये तारीखही होती. कुणालाही वाटेल की खातं संपलं. पण त्याच चौकटीत Credit Facility Status पुढे Settled लिहिलेलं होतं आणि खाली Settlement Amount ५५,०००. पूर्ण पैसे भरून बंद केलेल्या खात्यात या दोन जागा रिकाम्या असतात. कर्ज देणारा अधिकारी शून्य बाकीकडे पाहत नाही, तो थेट या जागांकडे पाहतो. तिथे काही दिसलं, तर त्याचा अर्थ त्याच्यासाठी एकच: या माणसाने आधीच्या बँकेला सगळे पैसे दिले नाहीत, आणि बँकेने तोटा सोसून हिशेब मिटवला.

शब्दरचना प्रत्येक कंपनीच्या रिपोर्टमध्ये थोडी वेगळी असते. भारतात सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. एकीकडे नोंद दुरुस्त झालेली आणि दुसरीकडे जुनीच राहिलेली, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. Post (WO) Settled असं दिसलं तर बँकेने आधी ती रक्कम बुडीत म्हणून राइट-ऑफ केली आणि नंतर तडजोड झाली, असं समजा. त्याकडे आणखी कडक नजरेने पाहिलं जातं.

दुसरी चूक: सूट किती मिळाली एवढंच मोजणं

या गृहस्थांची नोकरी कोविडच्या काळात गेली होती. कार्डाची थकबाकी १,३८,००० झाली. त्यातली प्रत्यक्ष खरेदी ७४,०००, बाकीचे ६४,००० म्हणजे व्याज, उशिराचे आकार आणि त्यावरचा जीएसटी. वसुलीवाल्याचा फोन आला: “५५ हजार एकरकमी भरा, विषय संपला.” मेव्हण्याकडून उसने घेऊन त्यांनी भरले. ८३,००० वाचले म्हणून त्या रात्री घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं, असं वहिनी सांगत होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण त्या वेळी त्यांना कुणीच पुढचं सांगितलं नव्हतं.

आता हिशेब उलट बाजूने पाहा. बँकेने नकार दिल्यावर एका फायनान्स कंपनीने कर्ज द्यायची तयारी दाखवली, पण साडेआठऐवजी दहा टक्क्यांनी. २० वर्षांसाठी २८ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे २४,३०० बसतो, दहा टक्क्यांनी सुमारे २७,०००. म्हणजे दर महिन्याला २,७०० रुपये जास्त. वाचलेले ८३,००० अडीच वर्षांत परत गेले असते, आणि पुढची साडेसतरा वर्षं निव्वळ जादाची होती.

तडजोडीच्या बोलण्यात म्हणून पहिला प्रश्न ‘किती सोडता?’ हा नसावा. ‘मुद्दल आणि व्याज पूर्ण भरलं आणि फक्त दंडाचे आकार माफ केले, तर रिपोर्टमध्ये काय लिहिणार?’ हा असावा. काही बँका अशा वेळी खातं पूर्ण बंद म्हणून कळवतात, काही एक रुपया सोडला तरी Settled लिहितात. दोन्ही चालतं, पण उत्तर पैसे भरण्याआधी आणि लेखी मिळायला हवं. एकरकमी जमत नसेल तर पूर्ण रकमेचे हप्ते मागा. बँक ते पुनर्रचना म्हणून नोंदवू शकते, तीही काही गोड नोंद नाही, पण पूर्ण फेडलं तर शेवटी खातं बंद होतं.

अर्थात, घरात खरोखर काहीच नसेल आणि थकबाकी वाढत चालली असेल, तर नुसतं पळत राहण्यापेक्षा सेटलमेंट बरी. फोन थांबतात, कोर्टाची भीती जाते, आणि थकीत रक्कम वर्षानुवर्षं उघडी दिसत राहत नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

तिसरी चूक: पत्रातले शब्द न वाचणं

त्या पिशवीतल्या पत्रात लिहिलं होतं, “सेटलमेंटची रक्कम मिळाली असून या खात्यावर आता काही येणे नाही.” ‘सेटलमेंटची रक्कम’ हे शब्द आले की रिपोर्टमध्ये काय जाणार हे ठरलंच. पूर्ण फेडीच्या पत्रात ‘संपूर्ण थकबाकी मिळाली, खाते बंद केले’ असा मजकूर असतो. काही येणे नाही असं सांगणारं नो ड्यूजचं पत्र दोन्ही प्रकारांत मिळतं, म्हणून केवळ शीर्षक पाहून फाइलला लावू नका.

वसुली एजंटच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही. “सिबिल पण क्लिअर करून देतो” असं तो म्हणेल, पण नोंद पाठवणारा तो नव्हे, बँक आहे. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरून यायला हवं, त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि रिपोर्टमधली स्थिती असावी, आणि पैसे थेट कर्जखात्यातच भरावेत. ठरलेली तारीख चुकली तर बँक सवलत रद्द करू शकते आणि भरलेली रक्कम नुसती थकबाकीत जमा करून घेऊ शकते.

चौथी चूक: ‘वर्षभर थांबलो की साफ होतं’

हा गैरसमज कुठून आला ते मला ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीच्या सेटलमेंटबद्दल नियम काढले. त्यात शेतीकर्ज सोडून इतर कर्जांसाठी किमान १२ महिन्यांचा काळ ठरवला आहे. ज्या कर्जदाराशी तडजोड झाली, त्याला त्या काळात बँकेने नवं कर्ज द्यायचं नाही. लोकांनी याचा अर्थ १२ महिन्यांनी डाग पुसतो असा लावला. नियमाने फक्त किमान थांबण्याचा काळ सांगितला आहे, नोंद काढण्याबद्दल त्यात काही नाही. आमच्या या गृहस्थांच्या सेटलमेंटला तर चार वर्षं झाली होती. सात वर्षांनी आपोआप जातं, असंही ऐकू येतं. नियमात सात वर्षं आहेत ती माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत म्हणून. त्यानंतर ती काढलीच पाहिजे असं त्यात नाही.

मग दुरुस्त कसं होतं?

एकच खात्रीचा रस्ता आहे, उरलेले पैसे भरायचे. तोही नीट क्रमाने.

आम्ही आधी बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागाला मेल पाठवला: सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम भरायची आहे, नेमकी किती ते लेखी कळवा, आणि ती भरल्यावर सर्व क्रेडिट कंपन्यांकडे खातं Closed म्हणून कळवाल याची खात्री द्या. बारा दिवसांनी उत्तर आलं, ८३,०००. आम्ही आकारांत सूट मागून पाहिली. बँकेने स्पष्ट सांगितलं की काहीही सोडलं तर स्थिती बदलणार नाही. गृहस्थांनी थोडं सोनं गहाण ठेवलं आणि पूर्ण भरले. तुमचं खातं बँकेने बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर पैसे कुणाला द्यायचे हे आधी बँकेकडून लेखी काढून घ्या. चुकीच्या दारात भरलेली रक्कम परत मिळवताना दमछाक होते.

इथे बरेच जण आणखी एक घाई करतात. पैसे न भरताच सिबिलच्या साइटवर तक्रार टाकतात आणि Settled काढा म्हणतात. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते, आणि बँक ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवते. तक्रार तिथेच बंद होते. पैसे भरल्याचं पत्र हातात आल्यावर मात्र तक्रार जरूर टाका. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यातले २१ दिवस बँकेला माहिती दुरुस्त करून पाठवण्यासाठी आहेत. तरीही हललं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबलेलं हवं.

त्यांच्या तीन रिपोर्टमध्ये पाच आठवड्यांत Settled गेलं, चौथ्यात राहिलं. तिथे पत्र जोडून तक्रार केल्यावर तेही निघालं. थकबाकीच्या काळातले उशिराचे दिवस मात्र महिन्यांच्या तक्त्यात तसेच आहेत, कारण ते खरोखर घडलं होतं. स्कोअरही एका रात्रीत वर गेला नाही. कर्ज नाकारणाऱ्या त्याच बँकेत मी सहा महिन्यांनी पुन्हा फाइल लावली. वर पूर्ण फेडीचं पत्र होतं, खाली २०२१ मधल्या नोकरी गेल्याच्या पत्राची प्रत. अधिकाऱ्याने दोन्ही वाचली आणि साडेआठ टक्क्यांनी सँक्शन दिलं.