मायक्रोवेव्ह घुमतोय, पण अन्न थंडच: मॅग्नेट्रॉन बदलण्याआधी या चुका टाळा

दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पंखा चालतो, घुमण्याचा आवाजही येतो. पण दोन मिनिटांनी वाटी बाहेर काढली की आत ठेवली तशीच गार. अशा वेळी बहुतेक जण एकच निदान करतात: मॅग्नेट्रॉन गेला. अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा हा भाग आतल्या सर्वांत महाग भागांपैकी एक असतो, आणि तो बदलूनही वाटी गारच राहिली की मग खरी शोधाशोध सुरू होते.

इथे बोलतोय ते जुन्या पद्धतीच्या, म्हणजे जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेल्या मायक्रोवेव्हबद्दल. उचलताना एक बाजू चांगलीच जड लागते, त्यावरून तो ओळखता येतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या मायक्रोवेव्हचं गणित वेगळं.

आधी एक सूचना. खालचं वाचून तर्क करा, पण झाकण उघडायचं काम ज्यानं हाय व्होल्टेजचं काम केलंय त्यानंच करावं. आत सुमारे ४००० व्होल्ट तयार होतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्याच्या आत चार्ज उतरवण्यासाठी बहुधा १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो, पण तोच तुटला असेल तर चार्ज तसाच राहतो. म्हणून नुसतं ‘पाच मिनिटं थांबलो’ यावर विसंबायचं नसतं. कपॅसिटर उघडा हात न लावता आपण मुद्दाम डिस्चार्ज करायचा, मग मीटरनं खात्री करायची, आणि तेव्हाच हात लावायचा. झाकण काढून मायक्रोवेव्ह चालवायचा नाही आणि चालू स्थितीत मीटरनं हाय व्होल्टेज मोजायला जायचं नाही. साधा मल्टिमीटर त्यासाठी बनलेलाच नाही.

पहिली चूक आवाजाकडे नीट कान न देण्याची. साधारण एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात आत ठेवा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं लावा आणि सुरुवातीचे पाच सेकंद लक्ष देऊन ऐका. चांगल्या मायक्रोवेव्हमध्ये आधी हलका आवाज येतो. मॅग्नेट्रॉनच्या आतली तार, म्हणजे फिलामेंट, तापायला दोनेक सेकंद लागतात. ती तापली की ट्रान्सफॉर्मरवर भार येतो आणि आवाज किंचित जाड होतो. ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह ठीक असेल तर दोन मिनिटांत हे पाणी साधारण २० अंशांनी तापायला हवं. (रिकामा चालवून बघू नका, ऊर्जा शोषायला आत काहीतरी लागतंच.)

बिघाडात आवाजाचे तीन प्रकार ऐकू येतात. ट्रान्सफॉर्मरचा आवाजच नाही, फक्त पंख्याची घरघर: मग ट्रान्सफॉर्मरला वीजच पोचत नाहीये आणि दोष दाराच्या स्विचमध्ये, रिलेत किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. मॅग्नेट्रॉनला दोष द्यायचं कारणच नाही. दुसरा प्रकार हलक्या आवाजाचा, जो शेवटपर्यंत तसाच राहतो, जाड होतच नाही. ट्रान्सफॉर्मर चालतोय, पण पुढे कुणी वीज घेत नाही. फिलामेंट तुटलेली, तिच्या क्लिपा सैल, एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा डायोड ओपन म्हणजे आतून तुटलेला, कपॅसिटर ओपन किंवा हाय व्होल्टेज फ्यूज उडालेला, यांपैकी काहीतरी. तिसरा प्रकार मोठ्या, दाबून धरल्यासारख्या घुंघुं आवाजाचा. कधी कधी मायक्रोवेव्ह थरथरतो आणि दिवाही मंद होतो. हे शॉर्टचं लक्षण: डायोड शॉर्ट, कपॅसिटर शॉर्ट किंवा मॅग्नेट्रॉन आतून शॉर्ट. शॉर्ट झालेला कपॅसिटर तर बहुधा फ्यूजच उडवतो. म्हणून फ्यूज शाबूत आहे आणि आवाज मोठा आहे, तर माझा पहिला संशय डायोडवर.

असं का, ते सर्किट बघितलं की लक्षात येतं. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला साधारण २००० व्होल्ट मिळतात. एका अर्ध्या लहरीत डायोडमधून कपॅसिटर भरतो, पुढच्या अर्ध्या लहरीत कपॅसिटरचं आणि ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज एकमेकांत मिळून दुप्पट होतं आणि मॅग्नेट्रॉनला लागतं. डायोड शॉर्ट झाला की मॅग्नेट्रॉनला तो बगल देतो. प्रवाह जातो, आवाज येतो, पण मॅग्नेट्रॉनपर्यंत काही पोचत नाही.

दुसरी चूक डायोड तपासण्यातली, आणि ही शिकलेल्या माणसांकडूनही होते. मल्टिमीटर डायोडच्या चिन्हावर लावतात, दोन्ही बाजूंनी काहीच रीडिंग येत नाही, म्हणून डायोड ओपन ठरवून फेकतात. खरं तर तो चांगला असू शकतो. हा साधा डायोड नाही. आत अनेक जोड एकापुढे एक बसवलेले असतात आणि तो पुढच्या दिशेनं चालू व्हायला काही व्होल्ट लागतात. मल्टिमीटर तेवढं व्होल्टेज देतच नाही. त्यामुळे बरेचदा चांगला डायोडही दोन्ही बाजूंनी ओपन दिसतो. उपाय सोपा: डायोड सर्किटमधून सोडवा, ९ व्होल्टची बॅटरी, डायोड आणि डीसी व्होल्टवर लावलेला मीटर असं एकापुढे एक जोडा. एका दिशेनं काही व्होल्ट दिसायला हवेत, उलट्या दिशेनं जवळपास शून्य. दोन्हीकडे पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज आलं तर शॉर्ट, दोन्हीकडे शून्य आलं तर ओपन. शंका असेल तर दोन बॅटऱ्या लावून एकदा पुन्हा बघा, कारण काही डायोड चालू व्हायला जास्त व्होल्टेज मागतात.

कपॅसिटरबाबतही असाच गैरसमज होतो. दोन टोकांमध्ये १० मेगाओहमच्या आसपास रीडिंग आलं की ‘लीक आहे’ म्हणतात. तो आतला डिस्चार्ज रेझिस्टरच असतो. दोन्ही टोकं आणि डबा यांत मात्र काहीच जोड दिसायला नको.

मॅग्नेट्रॉनच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स एक ओहमपेक्षा कमी हवा आणि दोन्हीपैकी कोणत्याही टोकापासून बॉडीपर्यंत ओपन. इथे शॉर्ट दिसलं तर मॅग्नेट्रॉन गेला. पण सगळं नीट दिसलं म्हणून तो चांगलाच असं मात्र नाही. चुंबकाला तडा गेलेला किंवा इलेक्ट्रॉन सोडायची ताकद संपलेली असेल तर मीटरला ते दिसत नाही. म्हणूनच त्याचा नंबर शेवटी लावायचा. फिलामेंटच्या क्लिपा मात्र आधीच बघा. त्यांतून १० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, त्यामुळे सैल क्लिप काळी पडते, प्लॅस्टिक वितळतं. टोक गंजलं नसेल तर नुसती नवी क्लिप घालून काम होतं.

एक केस सांगतो. एका ओळखीच्यांना ‘मॅग्नेट्रॉन बदला’ असं सांगितलेलं होतं. आवाज पहिल्या सेकंदापासून मोठा, पाणी दोन मिनिटांनी जैसे थे, फ्यूज शाबूत. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरनं पाहिला आणि सुट्टा करून मोजला: लेबलवर १.०५ मायक्रोफॅरड, मीटरवर १.०३. मॅग्नेट्रॉनची फिलामेंट अर्ध्या ओहमच्या आत, बॉडीशी शॉर्ट नाही. डायोड बॅटरीला लावला तर दोन्ही दिशांनी पूर्ण ९ व्होल्ट. नवा डायोड बसवला, त्याचं एक टोक चॅसीला नीट घासून आवळलं आणि झाकण लावून पाणी ठेवलं. आवाज दोन सेकंदांनी जाड झाला आणि पाणी १९ अंशांनी तापलं.

डायोड पुन्हा दोन-चार दिवसांत शॉर्ट झाला तर मात्र कपॅसिटरही बदला. काही कपॅसिटर मीटरवर ठीक दिसतात आणि पूर्ण व्होल्टेज आलं की आतून फुटतात. हाय व्होल्टेज फ्यूज उडाला असेल तर त्या जागी साधा फ्यूज किंवा तारेचा तुकडा अजिबात नको. आणि काढलेला मॅग्नेट्रॉन फोडून आत काय आहे ते बघायची हौस करू नका. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.