रिफॅक्सिमिन: चौदा दिवसांचा कोर्स आणि न थांबणारा कोर्स यांची गल्लत करू नका

एक उदाहरण घेऊ. लिव्हर सिरॉसिस असलेले ५८ वर्षांचे गृहस्थ. रात्रभर जागे, दिवसभर झोपलेले, बोलण्यात विसंगती, अशा अवस्थेत दवाखान्यात दाखल होतात. निदान होतं हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथीचं, म्हणजे लिव्हर निकामी होत गेल्याने मेंदूवर आलेल्या गुंगीचं. चार दिवसांत ते शुद्धीवर येतात आणि घरी जातात. चिठ्ठीवर दोन मुख्य औषधं असतात: पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोजचं सिरप आणि रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ एक-एक.

घरात मुलगा औषधं सांभाळतो. त्याच्या ओळखीतल्या एकाने पोट फुगण्याच्या तक्रारीवर हीच गोळी घेतलेली असते, ती बरोबर १४ दिवस. शिवाय हे अँटिबायोटिक आहे हे मुलाने वाचलेलं असतं, आणि अँटिबायोटिकचा कोर्स असतो हे त्याला माहीत असतं. वडील एकदम ठीक दिसतात. पंधराव्या दिवशी तो गोळी बंद करतो. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वडील सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत लावतात, दुपारी जेवताना पेंगतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा दाखल होतात.

मुलगा निष्काळजी नव्हता. त्याने जे केलं ते दुसऱ्या आजाराच्या नियमाने अगदी बरोबर होतं. गोळी एकच आहे, पण तिची दोन वेगवेगळी घड्याळं आहेत. ती वेगळी का आहेत हे कळलं की ही चूक सहसा होत नाही.

आतड्यात नेमकं काय घडतं

रिफॅक्सिमिन तोंडाने घेतलं तरी रक्तात जवळजवळ जात नाही. घेतलेल्या डोसचा अर्धा टक्काही शोषला जात नाही. ते आतड्यातच राहतं आणि तिथल्या जिवाणूंच्या आरएनए पॉलिमरेझ या एन्झाइमला चिकटतं. हे एन्झाइम अडलं की जिवाणूला स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, पित्तात विरघळतं. त्यामुळे पित्त भरपूर असलेल्या लहान आतड्यात त्याचा जोर जास्त असतो, मोठ्या आतड्यात कमी.

आता अमोनियाकडे येऊ. आतड्यातले जिवाणू युरिया आणि प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनिया तयार होतो. धडधाकट माणसात तो पोर्टल शिरेतून थेट लिव्हरकडे जातो आणि लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि शिवाय बरंच रक्त आडवाटेने लिव्हरला वगळून पुढे जातं. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. रिफॅक्सिमिन आतड्यातल्या जिवाणूंची एकूण संख्या फार घटवतं असं नाही. त्यांचं काम, त्यांनी बनवलेली विषारी द्रव्यं बदलतात. गोळी बंद झाली की जिवाणू पूर्ववत होतात, आणि लिव्हरची आडवाट तर तशीच असते. म्हणून १४ दिवसांत इथे काहीच 'बरं' झालेलं नसतं. गोळी सुरू आहे तोपर्यंत बांध उभा आहे, एवढंच.

लहान आतड्यातली जिवाणूंची अतिवाढ, ज्याला सिबो म्हणतात, ती याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे मुळात थोडे जिवाणू असायला हवेत अशा जागी ते साचलेले असतात. एकदा ते हटवले आणि आतड्याची हालचाल चांगली असेल, तर दोन जेवणांमधल्या लाटा ती जागा पुढे स्वतःच झाडून ठेवतात. त्यामुळे इथे ठरावीक दिवसांचा कोर्स पुरतो.

गोळ्या मोजा, म्हणजे गल्लत लक्षात येईल

सिबोसाठी नेहमीचा डोस म्हणजे ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, १४ दिवस. म्हणजे ४२ गोळ्या, आणि विषय संपतो. एन्सेफॅलोपॅथी पुन्हा येऊ नये म्हणून दिवसातून दोन, म्हणजे ३० दिवसांना ६० गोळ्या, आणि चिठ्ठीवर शेवटची तारीख नसते. तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर दिवसाला दोन गोळ्या असतील आणि रुग्णाला सिरॉसिस असेल, तर 'किती दिवस?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारूनच सोडवा. पाकीट संपलं म्हणजे औषध संपलं असं नाही.

याच मोजणीत आणखी एक चूक सापडते. ही गोळी २०० मिलिग्रॅमचीही मिळते. ५५० ऐवजी २०० ची गोळी हातात पडली आणि ती दिवसातून दोनदाच घेतली, तर ११०० च्या जागी ४०० मिलिग्रॅम पोटात जातं. नाव तेच असल्यामुळे महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. नवं पाकीट आणलं की नावाखालचा आकडा वाचा.

लॅक्टुलोज सोडून फक्त गोळीवर राहणं

ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती समजण्यासारखी आहे. लॅक्टुलोज गोड, चिकट, पोटात वारा धरणारं. गोळी मात्र सोपी. कोणीही सोपं निवडेल. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीवर या गोळीचा दीर्घकाळ वापर उभा आहे, त्यात २९९ रुग्ण होते आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक जण सोबत लॅक्टुलोज घेत होते. सहा महिन्यांत गुंगी पुन्हा आली ती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना, आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना. म्हणजे हा फायदा लॅक्टुलोजच्या जोडीने मिळालेला आहे.

लॅक्टुलोजचं माप मिलिलीटरमध्ये नाही, शौचात आहे: दिवसाला दोन ते तीन मऊ शौच. एकच झाली तर डोस वाढवायचा, पाच-सहा पातळ झाल्या तर कमी करायचा. पातळ जुलाब म्हणजे औषध जोरात लागू पडतंय असं समजून तोच डोस रेटणं घातक ठरतं. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटतं, आणि त्यानेच गुंगी परत येते. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला तर डॉक्टरांना एका नजरेत सगळं कळतं.

गुंगी परत आली म्हणजे गोळी निकामी झाली, असं नव्हे

वरच्या गृहस्थांच्या दुसऱ्या भरतीत गोळी बंद झाल्याचं लगेच कळलं, पण तपास तिथे थांबवला नाही, हे महत्त्वाचं. विचारपूस केल्यावर समजलं की गेले दोन दिवस शौचच झाली नव्हती, आणि झोप लागत नाही म्हणून कोणाकडून तरी झोपेची गोळीही घेतली होती. बंद झालेल्या औषधाने बांध कमकुवत केला होता, पण पाणी चढलं ते या दोन कारणांनी. बद्धकोष्ठ मोकळं केलं, झोपेची गोळी काढली, लॅक्टुलोज पुन्हा मापात आणलं आणि रिफॅक्सिमिन सुरू केलं. तीन दिवसांत ते स्वतःचं नाव, वार, तारीख नीट सांगू लागले.

म्हणून गोळी नियमित चालू असूनही गुंगी आली, तर डोस वाढवून बघू नका. आधी कारण शोधायला हवं: काळी डांबरासारखी शौच, म्हणजे पोटातला रक्तस्राव, ताप किंवा पोट दुखणं, लघवीच्या गोळ्यांमुळे घटलेलं सोडियम-पोटॅशियम, झोपेची किंवा अफूजन्य वेदनाशामक औषधं. इथे एक गैरसमज जीवावर बेततो: 'अँटिबायोटिक चालूच आहे, मग इन्फेक्शन कसं होईल?' हे औषध रक्तात जात नाही. पोटात साठलेल्या पाण्याचं, छातीचं किंवा लघवीचं इन्फेक्शन ते बरं करत नाही. सिरॉसिसच्या रुग्णाला ताप आला किंवा पोट दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांना सुरुवात ओळखता येते. दोन्ही हात समोर ताठ, पंजे वर वळवून धरायला सांगा. पंजे पाखरासारखे फडफडले तर ती धोक्याची खूण आहे. माणूस ठीक असताना एका मिनिटात किती प्राण्यांची नावं सांगतो ते लिहून ठेवा, मग शंका आली की ताडून पाहता येतं. रक्तातल्या अमोनियाच्या आकड्यामागे मात्र धावू नका. आकडा नॉर्मल असेल तर गुंगीचं कारण दुसरं असण्याची शक्यता वाढते, पण वाढलेल्या एकट्या आकड्यावरून निदान होत नाही आणि डोसही ठरत नाही.

सिबोत उलटी चूक: कोर्स लांबवणं

इथे रुग्ण औषध सोडत नाहीत, धरून बसतात. चौदा दिवसांनी बरं वाटलं, दोन महिन्यांनी पोट पुन्हा फुगलं, की जुनी चिठ्ठी काढून आणखी ४२ गोळ्या. परत येणं खरंच सर्रास आहे. एका अभ्यासात यशस्वी उपचारानंतर नऊ महिन्यांत सुमारे ४४ टक्के जणांत अतिवाढ परतली होती. पण ती परतली म्हणजे जिवाणू चिवट होते असंच नाही, जागा झाडणारी व्यवस्था बिघडलेली आहे. जुना मधुमेह, ऑपरेशननंतर आतड्यांना पडलेले चिकटाव, आतड्याची चाल मंदावणारी औषधं, वर्षानुवर्षं घेतलेली आम्लविरोधी गोळी: यांतलं काय आहे ते पाहिल्याशिवाय तिसरा कोर्स सुरू करण्यात अर्थ नाही. वारंवार वापराने या गटातल्या औषधाला दाद न देणारे जिवाणू उरण्याची भीतीही असते.

सिबो ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या श्वासाच्या चाचणीचीही अशीच गडबड होते. अँटिबायोटिक घेतल्यावर चार आठवडे थांबून मगच ती करावी, नाहीतर निकाल खोटा दिलासा देतो. आणि त्या चाचणीत हायड्रोजनऐवजी मिथेन वाढलेला दिसला, तर एकट्या रिफॅक्सिमिनचा प्रभाव तोकडा पडतो. तिथे डॉक्टर सहसा निओमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची जोड देतात.

न सांगितलेली दुसरी औषधं

प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन सोबत असेल तर न शोषलं जाणारं हे औषध कितीतरी पटींनी रक्तात चढतं. लिव्हर प्रत्यारोपण झालेल्यांनी ते आवर्जून सांगावं. वॉरफरिन घेणाऱ्यांच्या रक्त पातळ होण्याच्या तपासणीतही फरक पडू शकतो, तेव्हा आयएनआर नेहमीपेक्षा लवकर तपासून घ्यावा. आणि गोळीवर असताना तापासह सतत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर ते लॅक्टुलोजमुळेच असतील असं गृहीत धरू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी लागते, आणि ती होईपर्यंत जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

राहिला मुलाने दुसऱ्या भरतीत विचारलेला प्रश्न: "डॉक्टर, मग बाबांना ही कायमची घ्यायची का?" उत्तर कायमची असं नाही, पण तारीख नसलेली, असं आहे. लिव्हरचं काम आणि पोषण स्पष्ट सुधारलं, गुंगी आणणारं कारण पक्कं आवरलं किंवा प्रत्यारोपण झालं, तर ती थांबवण्याचा विचार होतो. तो डॉक्टर तपासून करतात, आणि थांबवल्यानंतरचे काही आठवडे घरच्यांनी हात फडफडण्यावर आणि झोपेच्या वेळांवर रोज नजर ठेवायची असते.