फॉर्म्युला सांगण्याआधी तक्ता विचारा

"मामा, दहा दिवसांच्या दुधाची बेरीज करायचा फॉर्म्युला पाठवा की." खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत हिशेब बघणाऱ्या भाच्याचा हा फोन. शीट कशी मांडलीय, याबद्दल एक अक्षर नाही. एका प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं असू शकतात, म्हणून मी आधी विचारायला लागतो.

पहिला प्रश्न: एका ओळीत काय आहे? सभासदानं एका पाळीला घातलेलं दूध, की त्याचा अख्खा महिना? बहुतेकांना हा प्रश्न असा विचारला तर कळत नाही. त्यापेक्षा विचारावं, "उद्या सकाळचं दूध आलं की खाली नवी ओळ लिहितोस, की उजवीकडे नव्या रकान्यात?" याचं उत्तर कुणीही लगेच देतो.

उजवीकडे लिहीत असेल तर काम सोपं. दुसऱ्या ओळीत 'सकाळ', 'संध्याकाळ' अशी शीर्षकं, तिसऱ्या ओळीपासून सभासद आणि C पासून आकडे असतील, तर दहा दिवसांच्या वीस पाळ्या V रकान्यात संपतात. पुरती बेरीज `=SUM(C3:V3)`. फक्त सकाळची हवी असेल तर:

```
=SUMIF($C$2:$V$2,"सकाळ",C3:V3)
```

भाचा मात्र खाली लिहीत होता. A मध्ये तारीख, B मध्ये सभासद, C मध्ये पाळी, D मध्ये लिटर.

दुसरा प्रश्न: सभासद ओळखायचा कशावरून, नावावरून की नंबरावरून? आपल्या भागात हे विचारायलाच हवं. सकाळी बसणारा नाव मराठीत लिहितो, संध्याकाळचा कन्नडमध्ये. माणसाला दोन्ही एकच, शीटला दोन वेगळे सभासद. अर्धं दूध बेरजेतून गळतं आणि चूक झाली असं कुठं दिसतही नाही. सुदैवानं इथं B मध्ये नंबरच होते. G2 मध्ये ४२ लिहायला सांगून मी हा फॉर्म्युला पाठवला:

```
=SUMIFS(D:D,B:B,G2,A:A,">="&DATE(2025,6,1),A:A,"<="&DATE(2025,6,10))
```

पाच मिनिटांत परत फोन. "९ लिटर दाखवतंय हो मामा, रोजचंच नऊच्या आसपास घालतोय तो!"

इथं चूक माझी. तिसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता: A मधली तारीख खरोखर तारीख आहे का? त्याच्या संगणकाची मांडणी अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. भाच्यानं ०१/०६/२०२५ लिहिलं, शीटनं ६ जानेवारी समजलं. ०२/०६ चा झाला ६ फेब्रुवारी. दोन्हीकडून सारखा वाचला जाणारा ०६/०६ तेवढा जूनमध्ये उरला, आणि आलेले ९ लिटर त्या एका दिवसाचे. १३/०६ पासून पुढं तर तेरावा महिनाच नसल्यानं शीटनं तारीख न धरता नुसता मजकूर धरला.

हे ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याला मुद्दाम डावं-उजवं केलेलं नसेल, तर १२ तारखेपर्यंतच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि १३ पासूनच्या डावीकडे दिसतात. खात्रीसाठी रिकाम्या खान्यात `=ISNUMBER(A2)` लिहून खाली ओढावं. मजकूर असेल तिथं FALSE येतं. पण उलटलेल्या तारखेलाही TRUE येतं, म्हणून एका ओळीवर `=MONTH(A2)` लावून महिना कोणता येतो तेही बघावं.

मांडणी भारतीय केली की पुढच्या नोंदी नीट होतात, आधीच्या आपोआप सुधारत नाहीत. त्यासाठी E रकान्यात:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

हा फक्त सगळ्या नोंदी त्याच चुकीच्या मांडणीत झाल्या असतील तरच चालतो. मध्येच कुणी दुसऱ्या संगणकावर बरोबर लिहिल्या असतील, तर त्या चांगल्या तारखाही उलट्या होतील. म्हणून "आणखी कुठल्या संगणकावर नोंदी केल्यात का?" हेही तेव्हाच विचारून घ्यावं. मजकूरही दोन-दोन आकड्यांचा दिवस-महिना आणि चार आकड्यांचं वर्ष असाच हवा.

एक्सेल की गूगल शीट्स, हे मी शेवटी विचारतो. वरचे फॉर्म्युले दोन्हीकडे चालतात. समोरच्याला सांगताच येत नसेल तर फोटो मागवावा, पण वरची रकान्यांची अक्षरं आणि डावीकडचे ओळींचे आकडे दिसतील असा. लोक नेमकं तेच कापून पाठवतात. नावं झाकली तरी चालतील.

आणि एका सभासदाचं हातानं काढलेलं उत्तर मागून घ्यावं. भाच्याकडं ते वहीत होतं: ४२ नंबर, ९१.५ लिटर. E रकाना भरून फॉर्म्युल्यात दोन्ही ठिकाणी A:A च्या जागी E:E घातलं, तेव्हा शीटवरही ९१.५ आले.