ताण, झोप आणि गुण: झोप दुवा आहे की अट, हे कसं तपासायचं

मानसशास्त्राच्या प्रबंधांमध्ये ताण आणि परीक्षेतले गुण हा विषय हमखास येतो. त्यात झोप आली की शीर्षकात ‘मध्यस्थ चल’ किंवा ‘नियामक चल’ यांतला एक शब्द बसवला जातो, बहुतेकदा कानाला जो बरा वाटेल तो. बॅरन आणि केनी यांनी १९८६ साली या दोघांतला फरक सविस्तर मांडला, तरी गोंधळ काही मिटलेला नाही.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘ताणामुळे झोप उडते आणि झोप उडाल्यामुळे गुण घटतात का?’ असं विचारत असाल तर झोप मध्यस्थ आहे, म्हणजे ताणाचा परिणाम गुणांपर्यंत नेणारा दुवा. ‘ज्यांना मुळात कमी झोपायची सवय आहे त्यांना ताण जास्त भोवतो का?’ असा प्रश्न असेल तर झोप नियामक आहे. इथे ताणाने झोप बदलते असा दावाच नाही. ताण किती भोवेल, ते झोपेवर ठरतं एवढंच म्हणणं आहे.

मग मोजमापाची वेळ ठरवा. समजा, नागपुरातल्या एका वसतिगृहातली २०० मुलंमुली उन्हाळी परीक्षेच्या तयारीत आहेत. मध्यस्थीसाठी ताण आधी मोजायचा (कोहेन यांची दहा प्रश्नांची ताणमापनी चालेल, तिचे गुण ० ते ४० असतात), पुढचा आठवडाभर झोपेची रोजनिशी भरून घ्यायची आणि शेवटी निकाल. नियमनासाठी झोपेची सवय सत्राच्या सुरुवातीलाच, परीक्षेचा ताण चढण्याआधी नोंदवायची. सगळं एकाच दुपारी एकाच प्रश्नावलीत भरून घेतलं, तर ताणाने झोप गेली की झोप नाही म्हणून ताण वाढला, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही.

मध्यस्थीचं गणित. R मध्ये दोन प्रतिगमनं चालवायची. `taan` म्हणजे ताण, `jhop` म्हणजे रोजनिशीतले सरासरी तास आणि `gun` म्हणजे गुण.

```
m1 <- lm(jhop ~ taan, data = d)
m2 <- lm(gun ~ taan + jhop, data = d)
```

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पहिल्या समीकरणात ताणाचा सहगुणक −०.१ आला, म्हणजे ताणाचा एक गुण वाढला की झोप सहा मिनिटांनी घटते. दुसऱ्यात, ताण सारखा धरला तर झोपेच्या एका तासामागे ३ गुण वाढतात. दोन्हींचा गुणाकार −०.३, हा झोपेमार्फत होणारा अप्रत्यक्ष परिणाम. दुसऱ्याच समीकरणात ताणाचा स्वतःचा सहगुणक −०.२ असेल, तर एकूण परिणाम −०.५. ताण दहा गुणांनी वाढला तर पाच गुण जातात, आणि त्यातले तीन झोपेच्या वाटेने.

हा −०.३ निव्वळ योगायोग नाही ना, हे बूटस्ट्रॅपने तपासतात. त्याच २०० जणांतून पुन्हा पुन्हा, साधारण ५,००० वेळा, नमुना उचलायचा (एकच विद्यार्थी दोनदा आला तरी चालतो) आणि दर वेळी गुणाकार काढायचा. मधल्या ९५ टक्के उत्तरांच्या पट्ट्यात शून्य येत नसेल तर परिणाम मानायला हरकत नाही. ‘पूर्ण मध्यस्थी’ हा शिक्का मात्र मी टाळेन. नमुना लहान असला की उरलेला थेट परिणाम नुसता दिसेनासा होतो.

खरी मेख पुढे आहे. मे महिन्यात गच्चीखालच्या तापलेल्या खोल्यांत, कूलर नसला तर, ना झोप लागते ना अभ्यास होतो. म्हणजे झोप आणि गुण दोन्ही उकाड्याने घटतील आणि दोष एकट्या झोपेवर जाईल. म्हणून मजला आणि कूलरची नोंद घ्या आणि त्या दोन्ही गोष्टी समीकरणात घाला. तरीही न मोजलेलं दुसरं काही कारण नसेलच, अशी खात्री बूटस्ट्रॅप देत नाही.

नियमनाचं गणित. इथे ताण आणि झोपेची सवय यांचा गुणाकार हेच एक नवं पद असतं. R मध्ये `*` लिहिलं की दोन्ही चल आणि त्यांचा गुणाकार आपोआप येतो.

```
d$savay_c <- d$savay - mean(d$savay)
m3 <- lm(gun ~ taan * savay_c, data = d)
```

पहिल्या ओळीत प्रत्येकाच्या तासांतून सरासरी वजा केली आहे. ते केलं नाही, तर ताणाचा सहगुणक ‘शून्य तास झोपणाऱ्या’ विद्यार्थ्याबद्दल बोलेल, आणि असा विद्यार्थी काही सापडायचा नाही. समजा, सरासरी साडेसहा तास, ताणाचा सहगुणक −०.५ आणि गुणाकाराचा +०.३ आहे. मग साडेपाच तास झोपणाऱ्याचे ताणाच्या एका गुणामागे ०.८ गुण जातात, साडेसात तास झोपणाऱ्याचे फक्त ०.२.

या दोन्ही रेषा आलेखावर काढा, पण त्याआधी साडेसात तासांच्या आसपास झोपणारे किती आहेत ते मोजा. वसतिगृहात असे चारपाचच निघाले, तर ती आश्वासक, जवळजवळ सपाट रेषा बाकीच्या विद्यार्थ्यांवरून पुढे ताणलेला अंदाज आहे, आणि अहवालात तसंच लिहायला हवं.