न बघता मराठी टायपिंग: दोन बोटांची सवय असलेल्यांनी सुरुवात कुठून करावी

आंब्याचा हंगाम जूनमध्ये आटोपतो आणि पाऊस लागला की होमस्टेही थंडावतात. देवगड-मालवणकडे ज्यांना बिलं, ऑर्डरी आणि ग्रामपंचायतीचे अर्ज दोन बोटांनी टाइप करावे लागतात, त्यांनी दहा बोटांचं टायपिंग शिकायला हेच दिवस धरावेत. आणि मोठ्या माणसाने सुरुवात इंग्रजीने न करता मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीने करावी, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत दोन बोटांची सवय मुरलेली असते, नजर आपोआप खाली जाते. इनस्क्रिप्टमध्ये खाली बघून काही सापडतच नाही, कारण आपल्या बहुतेक कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नसतात. म्हणूनच कळांवर स्टिकर लावू नका. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून स्क्रीनशेजारी चिकटवा.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा. कळफलक निवडताना फोनेटिक घेऊ नका, साधा मराठी घ्या, तोच इनस्क्रिप्ट. Windows आणि Space या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते.

आता हात ठेवा. F आणि J या कळांवर बारीक उंचवटा असतो, तिथे दोन्ही तर्जनी टेकवा. डावी करंगळी A वर, अनामिका S वर, मधलं बोट D वर. उजवीकडे मधलं बोट K वर, अनामिका L वर, करंगळी त्याच्या पुढच्या ; या कळेवर. अंगठे स्पेसबारवर. मनगट टेबलावर दाबून ठेवू नका, कोपर साधारण काटकोनात ठेवा. हाताला मुंग्या आल्या तर तिथेच थांबा.

या ओळीत डाव्या हाताकडे ो, े, ्, ि आहेत आणि उजव्या हाताकडे र, क, त, च. डावी तर्जनी आत सरकली की ु, उजवी आत सरकली की प, उजवी करंगळी बाहेर सरकली की ट. स्वरचिन्हं डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. पहिल्या आठवड्यात एवढ्याच कळांचे शब्द घ्या: पोपट, करते, पुरे, चिरे, चित्र. वेलांटी पहिली असो वा दुसरी, ती व्यंजनानंतर दाबायची. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांचं इथे हमखास चुकतं. ‘चित्र’ म्हणजे च, ि, त, ्, र.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे हात एक घर सरकणं. ‘करते’ लिहिताना स्क्रीनवर ‘तकचे’ उमटलं, तर उजवा हात एक कळ उजवीकडे गेला आहे. अशा वेळी खाली न बघता तर्जनीने J चा उंचवटा चाचपा. दर ओळीनंतर हे चाचपणं अंगवळणी पाडा.

दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ, तिसऱ्यात खालची. वर-खाली गेलेलं बोट लगेच आपल्या जागी परतलं पाहिजे. ‘रत्नागिरी’ सावकाश करून बघा: उजव्या तर्जनीने र, उजव्या अनामिकेने त, डाव्या मधल्या बोटाने ्, डावी तर्जनी खाली V वर नेऊन न, डावं मधलं बोट वर E वर नेऊन ा, उजवं मधलं बोट वर I वर नेऊन ग. मग डाव्या तर्जनीने ि, उजवीने र, आणि डावी तर्जनी वर R वर नेऊन ी.

चौथा आठवडा Shift चा. क चा ख, त चा थ, ल चा ळ, काना किंवा मात्रेचा पूर्ण स्वर, हे सगळं Shift ने होतं. अक्षर ज्या हाताचं, त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने Shift दाबायचं. ‘आंबा’मधला आ डाव्या हाताचा, म्हणून Shift उजवं.

रोज सकाळी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. आधी पाच मिनिटं कालच्या कळा, मग नव्या, शेवटी दोन ओळी मजकूर. शंभर कळांत पाचाहून जास्त चुका होत असतील तर वेग कमी करा आणि पुढची ओळ उघडू नका. या महिन्यात धंद्याचं काम जुन्याच पद्धतीने चालू द्या. सगळ्या कळा हाताखाली आल्या की रोजचं एक बिल नव्या पद्धतीने करा, मग दोन, मग सगळी.

सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग मागतात, इंग्रजीत 40. परीक्षा द्यायची असेल तर तिथे कोणता कळफलक चालतो, हे जाहिरातीत आधी वाचून मगच शिकायला बसा.