दुकानदारांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तीन प्लॅनचे दर कसे ठरवावेत

सुरुवात दरापासून नव्हे, तर सीमारेषेपासून करावी. दुकानदाराने खालच्या प्लॅनमधून वरच्या प्लॅनमध्ये नेमके कोणत्या कारणाने जावे, हे आधी ठरले पाहिजे. बिलांच्या संख्येवर मर्यादा घालणे सोपे वाटते. परंतु ती मर्यादा नेमकी गर्दीच्या दिवसांत संपते, समोर ग्राहक उभा असताना बिल निघत नाही आणि दुकानदार वहीकडे परततो. त्यापेक्षा दुकानाच्या वाढीबरोबर आपोआप ओलांडली जाणारी रेषा निवडावी. एकटा मालक बिले व उधारी सांभाळतो तोवर पहिला प्लॅन, नोकरांना वेगळे लॉगिन आणि मालसाठ्याची नोंद लागू लागली की मधला, आणि दुसरे दुकान उघडून दोन्हींचा हिशेब एकत्र पाहायचा असेल तर वरचा.

बॅकअप आणि स्वतःची माहिती बाहेर काढण्याची सोय मात्र तिन्ही प्लॅनमध्ये द्यावी. हिशेब अडकून राहील अशी शंका आली, तर दुकानदार पहिला प्लॅनही घेणार नाही. हिशेबनिसाला केवळ पाहण्यापुरते लॉगिनही माझ्या मते सर्वांना विनामूल्य असावे, कारण कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे अनेकदा तोच सुचवतो.

यानंतर मधल्या प्लॅनची रचना करावी. बहुतेक दुकानांना पुरेल असा तो असावा, आणि पहिला प्लॅन त्यातून एखादी ठळक गरज वगळून बनवावा. पहिला प्लॅन फार उदार झाला, तर काय होते ते आकड्यांत पाहू. समजा, आज १०० ग्राहक प्रत्येकी १०० एकके देतात, म्हणजे उत्पन्न १०,००० एकके आहे. नवे दर ७०, १२० आणि २२० ठेवले. वरच्या प्लॅनमध्ये १० ग्राहक गेले, मधल्यात ३० आणि पहिल्यात ६०, तर उत्पन्न २,२००, ३,६०० आणि ४,२०० मिळून पुन्हा १०,०००च होते. वरचे १० तेवढेच राहिले आणि पहिल्या प्लॅनमध्ये ६०पेक्षा जास्त ग्राहक गेले, तर प्रत्येक जादा ग्राहकामागे ५० एककांचे नुकसान होते. नव्या दरामुळे नवे ग्राहक आले तर चित्र बदलते, पण त्यांच्या फोनवरील मदतीचा खर्चही त्यातून वजा करावा लागतो. पहिल्या प्लॅनचा ग्राहक मदत कमी मागतोच असे नाही.

म्हणून नवे दर प्रथम फक्त नव्या ग्राहकांना लावावेत आणि जुन्यांना निदान नूतनीकरणापर्यंत जुनाच दर ठेवावा. काही महिन्यांनी पहिल्या प्लॅनमधील दुकाने तपासावीत. एकाच लॉगिनवरून दोन-तीन यंत्रांवर काम चालत असेल, तर गरज मधल्या प्लॅनची आहे, पण त्यातील दराची उडी फार मोठी वाटते. तेव्हा १२०चा दर थोडा खाली आणून पाहावा. तसे काहीच आढळत नसेल आणि तरीही सर्व तिथेच थांबत असतील, तर दराला हात न लावता सीमारेषाच बदलावी.